कंजूष तोच, समोरचा नवा

चोरीचा संशय आलेला एक म्हातारा कंजूष नोकराला म्हणतो, हात दाखव. नोकर एक हात दाखवतो, मग दुसराही दाखवतो. म्हातारा दोन्ही हात नीट बघून घेतो आणि म्हणतो, आता तिसरा दाखव!

हा विनोद रोमन नाटककार प्लॉटस याचा. तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला वारला. पुढे 1668 साली पॅरिसमध्ये मोलिएरनं आपल्या ‘लाव्हार’ या नाटकात जवळपास हाच प्रसंग घेतला. त्याचा आर्पागोंही नोकराचे दोन्ही हात बघतो आणि उरलेले हात मागतो. मधे अठराशेहून अधिक वर्षं गेली, राज्यं बुडाली, भाषा बदलल्या, तरी प्रेक्षक त्याच जागी हसला.

मग जुनी सोंगं शिळी होतात ती कशामुळे? कंजूष, बढाईखोर आणि बावळट ही तीन माणसं दोन-अडीच हजार वर्षं रंगमंचावर येत-जात आहेत. त्यांतली काही आजही ताजी वाटतात आणि काही पहिल्याच वाक्याला कंटाळा आणतात. यामागचं गुपित मला एकाच गोष्टीत दिसतं. ज्यांनी ही सोंगं टवटवीत केली, त्यांनी सोंगाच्या स्वभावाला हात लावला नाही. त्यांनी त्याच्यासमोर उभा असलेला माणूस बदलला.

पहिली यादी अॅरिस्टॉटलच्या शिष्याची

थिओफ्रास्टस हा अॅरिस्टॉटलचा शिष्य आणि वनस्पतिशास्त्राचा आद्य अभ्यासक. त्यानं झाडांचं वर्गीकरण केलं तसं माणसांचंही केलं. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यानं अथेन्सच्या रस्त्यावर दिसणाऱ्या स्वभावांची 30 छोटी चित्रं लिहिली. प्रत्येक चित्र जेमतेम पानभर आहे. ‘तो लोभी होता’ असं सांगून तो थांबत नाही. लोभी माणूस सकाळपासून काय काय करतो तेवढंच तो दाखवतो.

त्याचा चिक्कू माणूस बघा. बायकोच्या हातून तांब्याचं एक क्षुल्लक नाणं पडलं, तर तो घरातल्या खाटा, पेट्या, सगळं सामान हलवून शोधायला लागतो. दहाजणांनी मिळून जेवण केलं, तर कोण किती पेले प्यायला ते तो मोजत बसतो. त्याच्या बागेत पडलेलं एखादं ऑलिव्ह कुणी उचललेलं त्याला खपत नाही. शेजारणीला मीठ, दिव्याची वात, जिरं असलं काही उसनं द्यायचं नाही अशी त्यानं बायकोला ताकीद दिलेली असते, कारण या बारीकसारीक वस्तूंची वर्षाकाठी मोठी बेरीज होते. त्याच्या तिजोरीला बुरशी लागलेली आहे आणि किल्ल्या गंजल्या आहेत.

हॉटेलचं बिल आल्यावर ‘मी सूप घेतलं नव्हतं’ म्हणून मोबाइलवर भागाकार करणारा मित्र आठवला ना? पेले मोजणारा तो हाच. त्याला ताजा करायला कुणाला मोबाइलचा शोध लावावा लागला नव्हता. नवी वस्तू हातात दिली की सोंग नवं होतं, अशी आपल्याकडच्या अनेक विनोदी कार्यक्रमांची समजूत दिसते. कंजूष आता धोतराऐवजी जीन्स घालतो, अर्ध्या कपाऐवजी शेजाऱ्याचं वायफाय वापरतो, आणि विनोद मात्र जुन्या जागीच बसलेला असतो.

मोहरांचं मडकं

प्लॉटसच्या ‘ऑल्युलारिया’मधला कंजूष युक्लिओ हा मुळात गरीब माणूस आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्याच्या आजोबांनी घरात मोहरांचं मडकं पुरून ठेवलेलं असतं आणि ते युक्लिओच्या हाती लागतं. मडकं सापडल्यापासून त्याची झोप उडते. कोंबडा मडक्याच्या आसपास उकरताना दिसला म्हणून तो कोंबड्याला ठार मारतो. श्रीमंत शेजारी हुंड्याशिवाय त्याच्या मुलीला मागणी घालतो, तर याला पहिली शंका येते ती अशी, की मडक्याची बातमी याला लागली वाटतं.

नाटकातली नोकरमंडळी त्याच्याबद्दल काय काय सांगतात! चुलीचा धूर घराबाहेर गेला तरी हा गळा काढतो. झोपताना तोंडाला पिशवी बांधतो, म्हणजे श्वास वाया जायला नको. न्हाव्यानं कापलेली नखं गोळा करून घरी नेतो. हे सगळं अतिशय गमतीचं आहे, पण नीट पाहिलं तर प्रत्येक गंमत सुटी आहे. एक काढली आणि दुसरी घातली तरी नाटकाचं काही बिघडत नाही. युक्लिओला खरी झळ लागते ती मडक्यामुळे, नखांमुळे नाही.

मोलिएरनं नेमका हा फरक ओळखला.

बापानंच दिलेलं कर्ज

‘लाव्हार’ 9 सप्टेंबर 1668 रोजी पॅरिसच्या पाले-रॉयाल नाट्यगृहात पहिल्यांदा झालं. आर्पागोंचं काम स्वतः मोलिएर करत असे. त्याला खरोखरच खोकल्याचा त्रास होता, म्हणून त्यानं आर्पागोंलाही खोकला दिला. नोकराच्या भूमिकेतला नट लुई बेजार लंगडत असे, तर संवादात त्याच्या लंगडण्याचाही उल्लेख टाकला. आपल्या मंडळीतल्या माणसांवर भूमिका बेतण्याची त्याची रीत अशी होती.

पण त्यानं केलेला सर्वांत मोठा बदल वेगळा आहे. प्लॉटसच्या कंजुषासमोर सगळं जग उभं होतं. मोलिएरनं त्याच्यासमोर त्याचा मुलगा उभा केला. आर्पागोंला पैशाचं वेड आहेच, शिवाय साठी उलटल्यावर तो एका तरुण मुलीच्या प्रेमात पडलाय. त्याचा मुलगा क्लेआंत त्याच मुलीवर प्रेम करतो. म्हणजे कंजुषाच्या मनात आता दोन ओढी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

यातून दुसऱ्या अंकातला जो प्रसंग निघतो, तो विनोदी लेखन करणाऱ्या प्रत्येकानं एकदा उलगडून पाहावा असा आहे. क्लेआंतला 15 हजार लिव्रं कर्ज हवंय. दलाल सांगतो की एक सावकार तयार आहे, पण त्याला आपलं नाव कळू द्यायचं नाही. व्याज अगदी वाजवी, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मुलगा खूश होतो. मग पुढची अट वाचली जाते. सावकाराकडे सध्या रोकड नसल्यानं तो स्वतः 20 टक्क्यांनी पैसे उचलणार आहे आणि ते व्याजही कर्जदारानंच भरायचं. म्हणजे दर 25 टक्क्यांच्या वर गेला. अडलेला मुलगा तेही मान्य करतो. मग तिसरी अट येते. रोख मिळतील फक्त 12 हजार, बाकीच्या 3 हजारांचं सामान घ्यावं लागेल.

आणि मग सामानाची यादी सुरू होते. जुना पलंग. मोत्याच्या शिंपल्याचं काम केलेल्या तीन बंदुका. अर्क काढायची भट्टी. ‘जवळजवळ सगळ्या’ तारा शाबूत असलेलं एक वाद्य. सोंगट्यांचे खेळ. आणि शेवटी, पेंढा भरलेलं साडेतीन फुटी सरड्याचं कातडं, छताला टांगायला शोभिवंत!

यादीवर प्रेक्षक हसत असतानाच दलाल सावकाराला कर्जदाराची माहिती देतो. पोरगा चांगल्या घरातला आहे, आई वारली आहे, आणि बाप येत्या आठ महिन्यांत मरेल अशी हमी द्यायला तो तयार आहे. सावकार म्हणतो, हे छान झालं. हा सावकार म्हणजेच आर्पागों! आपल्या मरणाच्या हमीवर तो समाधानानं मान डोलावतोय. पुढच्याच क्षणी बाप-लेक समोरासमोर येतात.

या प्रसंगात कंजुषानं दिवा विझवून तेल वाचवल्याचं दृश्य नाही, की फाटका कोट नाही. त्याचा कंजूषपणा त्याच्याच घरावर उलटलाय, त्यामुळे हसणं पोटातून येतं. सरड्याचं कातडं तेवढं काढून टाका, प्रसंग तसाच चालेल. पण समोरचा कर्जदार मुलाऐवजी कुणी परका ठेवा, प्रसंग जागच्या जागी मरेल. आचार्य अत्र्यांनी याच नाटकावरून मराठीत ‘कवडीचुंबक’ लिहिलं, तेही या कौटुंबिक पायावर उभं आहे.

नुसतं गप्प बसून मिळालेला हशा

अमेरिकन रेडिओवर जॅक बेनी नावाचा विनोदवीर वर्षानुवर्षं चिक्कू माणसाचं सोंग वठवत होता. प्रत्यक्षात तो अतिशय उदार माणूस म्हणून ओळखला जाई. 28 मार्च 1948 च्या कार्यक्रमात एक चोर त्याला वाटेत अडवतो आणि विचारतो की पैसे देतोस की जीव देतोस. बेनी काहीच बोलत नाही. रेडिओवर शांतता पसरते. श्रोते हसायला लागतात आणि हसतच राहतात. चोर वैतागून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी चिडून सांगतो की अरे, विचार करतोय!

यात चिक्कूपणाचं एकही नवं लक्षण नाही. समोर चोर आहे आणि त्यानं असा प्रश्न विचारलाय, ज्याचं उत्तर द्यायला कुठल्याही दुसऱ्या माणसाला क्षणभरही लागणार नाही. इतक्या वर्षांची ओळख असल्यानं श्रोत्यांनी बेनीच्या डोक्यातला हिशेब स्वतःच ऐकला. मला हा प्रसंग फार शिकवून जातो. सोंग पुरतं रुजलेलं असेल तर लेखकानं शब्द कमी करावेत.

त्याच सुमारास, डिसेंबर 1947 मध्ये, कार्ल बार्क्स या चित्रकारानं स्क्रूज मॅकडक हा अब्जाधीश बदक काढला. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ पाहिलेल्या पिढीला तो पैशांच्या राशीत सूर मारणारा म्हातारा आठवत असेल. बार्क्सनं त्याला एक विलक्षण गोष्ट दिली. कुठलं नाणं कुठे आणि कसं कमावलं हे त्याला आठवतं. त्याच्यासाठी तिजोरी म्हणजे आयुष्याची डायरी आहे. तेव्हापासून वाचकाला त्याचं नाणं हरवलं की खरोखर वाईट वाटायला लागलं.

बढाईच्या आकड्यांची वाढ

आता बढाईखोराकडे. इथे तर एकच विनोद तीन माणसांनी तीन प्रकारे केलाय आणि तिन्ही वेळा फरक आहे तो ऐकणाऱ्यात.

प्लॉटसच्या ‘मीलेस ग्लोरिओसुस’मधला सैनिक पिर्गोपोलिनिकेस आपल्यासोबत एक पोटभरू खुशमस्कऱ्या घेऊन फिरतो. तो मालकाच्या पराक्रमाची यादी सांगतो. किलिकियात 150 मारले, दुसऱ्या एका कल्पित देशात 100, सार्डिसचे 30, मॅसेडोनियाचे 60, आणि सगळे एका दिवसात. सैनिक विचारतो, एकूण किती झाले? उत्तर येतं, सात हजार! सैनिक म्हणतो, बरोबर, तेवढेच असायला हवेत. तुम्ही बेरीज केलीत तर 340 येतील. याच प्रसंगात त्यानं हिंदुस्थानात एका हत्तीचा पुढचा पाय एका बुक्कीत मोडल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी रोमन प्रेक्षकांना अतिशयोक्तीसाठी आपला हत्ती लागला होता!

इथे ऐकणारा पगारी आहे. त्याला जेवण मिळत असल्यानं तो आकडा फुगवतो.

शेक्सपियरनं ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात हाच आकड्यांचा खेळ घेतला. त्यातल्या बढाईखोर फॉल्स्टाफवर रात्री वाटेत दोन वेषधारी माणसं हल्ला करतात आणि तो पळ काढतो. नंतर खानावळीत तो सांगतो की आपण दोघांना लोळवलं. दोन वाक्यांनी ते चार होतात. मग सात, मग नऊ, मग अकरा. खरी गंमत अशी की हल्ला करणारे ते दोघे म्हणजे समोर बसून ऐकणारा राजपुत्र हॅल आणि त्याचा मित्र! ऐकणाऱ्याला सत्य ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही ठाऊक आहे. त्यामुळे आपलं लक्ष आकड्यावरून सरकून एका वेगळ्याच प्रश्नावर जातं. हा आता सुटणार कसा? बढाई पकडली गेल्यावर फॉल्स्टाफ सांगतो की आपण राजपुत्राला ओळखलंच होतं, राजपुत्रावर हात कसा उचलायचा म्हणून पळालो. पकडला गेल्यानंतर तो जास्त मोठा होतो, कारण शरम त्याला शिवतच नाही.

तिसरी पायरी रशियातली. गोगोलचं ‘सरकारी तपासनीस’ 1836 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर आलं. ख्लेस्ताकोव्ह हा राजधानीतला एक फडतूस कारकून. जुगारात पैसे हरून तो एका आडगावच्या खानावळीत अडकलाय. गावातले भ्रष्ट अधिकारी त्याला गुप्तपणे आलेला तपासनीस समजतात. सुरुवातीला तो थापही मारत नाही. घाबरून गेलेले अधिकारीच त्याच्या प्रत्येक वाक्यातून भलताच अर्थ काढतात. मग त्याला चव लागते. मेजवानीनंतर त्याची जीभ सैल सुटते. आपल्या घरी 700 रुबलचं कलिंगड असतं, सूप थेट पॅरिसहून बोटीनं येतं, आणि आपल्याला बोलवायला रस्त्यांवरून 35 हजार हरकारे धावत होते.

समोरचे हसत नाहीत, थरथरतात. बढाई जितकी अशक्य, तितके ते जास्त घाबरतात, आणि ते घाबरले की याची बढाई वाढते. दोघं मिळून ती थाप रचतात. पु. ल. देशपांडे यांचं ‘अंमलदार’ याच नाटकावरून आलंय. सरकारी साहेबाच्या येण्याच्या नुसत्या कुणकुणीनं हलणारं गाव आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, म्हणून ते मराठीत इतकं सहज बसलं.

पगारी श्रोता, सत्य जाणणारा श्रोता आणि भ्यालेला श्रोता. सैनिक, फॉल्स्टाफ आणि ख्लेस्ताकोव्ह यांच्या बढाया शेजारी-शेजारी ठेवल्या तर जातीनं सारख्याच आहेत. आपल्या मालिकांतला बढाईखोर शिळा वाटतो, कारण त्याच्यासमोर बहुतेक वेळा कुणीच नसतं. तो फेकतो, बाजूचे तीन-चारजण एकमेकांकडे बघून डोळे फिरवतात आणि मागून हशा वाजतो. त्या बाजूच्यांपैकी एकाला तरी त्या थापेची गरज पडू द्या. ‘साहेबांशी आपलं रोजचं बोलणं आहे’ असं पारावर सांगणाऱ्याकडे उद्या सकाळी कुणी बदलीचा अर्ज घेऊन आलं, की गोष्ट सुरू झालीच.

जाता जाता संशयी नवरा

हाच नियम संशयी नवऱ्यालाही लागू पडतो. मोलिएरच्या 1660 च्या ‘स्गानारेल’वरून आर्थर मर्फीनं 1761 मध्ये इंग्रजी नाटक केलं, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या ही सगळी नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची आहेत हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. फाल्गुनरावाच्या संशयासमोर तितकीच संशयी बायको आहे आणि दोघांच्या मधे एक तसबीर. ती ज्याच्या हातात जाते, त्याचा गुन्हा सिद्ध होतो.

बावळटाला अक्कल असते

बावळट लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात. तोतरं बोलणं, तिरळं बघणं, गावाकडची बोली, जाडेपणा यांतलं काही चिकटवलं की बावळट तयार, अशी एक सवय आपल्या विनोदाला लागली आहे. मला ती मनापासून खटकते. एक तर ती कुणाच्या तरी दुखण्यावर किंवा मातृभाषेवर हसते. दुसरं असं की त्यातून पुढचा प्रसंगच निघत नाही. तोतरेपणाला कथानक नसतं.

चांगल्या बावळटाची विचार करण्याची पद्धत पक्की असते. फक्त तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो.

कार्लो गोल्दोनीनं 1745-46 च्या सुमारास प्रसिद्ध नट आंतोनिओ साक्कीसाठी ‘दोन मालकांचा नोकर’ लिहिलं. आधी नुसता आराखडा होता, संवाद साक्की ऐनवेळी रचत असे. पुढे गोल्दोनीनं पूर्ण संहिता लिहून काढली. त्यातला त्रुफाल्दिनो कायम भुकेलेला आहे. दुप्पट जेवण मिळेल म्हणून तो दोन मालक धरतो. एकदा त्याच्या हातून मालकाचं पत्र उघडलं जातं आणि ते पुन्हा चिकटवायचं असतं. कधीतरी आजी पाव चावून त्याच्या लगद्यानं पत्र बंद करायची हे त्याला आठवतं. युक्ती उत्तम आहे! तो खिशातला पाव काढतो, चावतो, आणि गिळून टाकतो. पुन्हा दुसरा तुकडा घेतो, मोठ्या निश्चयानं चावतो, आणि तोही घशाखाली जातो. भूक आणि काम यांची ही मारामारी त्याच्या स्वतःच्या तोंडात चालते. तो मूर्ख नाही, उपाशी आहे. आणि प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस कधीतरी उपाशी होताच.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मधला विदूषक मैत्रेय. हे नाटक देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं. वसंतसेनेनं चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले दागिने रात्री मैत्रेयाच्या उशाशी असतात आणि त्या जबाबदारीनं तो कासावीस झालेला असतो. शर्विलक हा ब्राह्मण चोर मोठ्या कलाकुसरीनं भिंतीला भोक पाडून आत येतो. माप घ्यायला दोरी विसरल्यानं त्यानं जानव्याचा उपयोग केलेला असतो! मैत्रेय झोपेत बरळायला लागतो. त्याला वाटतं समोर चारुदत्तच आहे. तो म्हणतो, बाबा रे, हे दागिने तूच घे, आणि वर गायी-ब्राह्मणाची शपथ घालतो. आता चोर शपथ कशी मोडणार? तो दागिने घेतो. त्यावर मैत्रेय झोपेतच सांगतो, की आता मी सुखानं झोपतो.

ठेव सांभाळणाऱ्यानंच ती चोराच्या हातात आग्रहानं दिली, आणि तीही सांभाळण्याच्या काळजीपोटी. इथे समोरचा कोण आहे बघा. चोर आहे, पण धर्म मानणारा चोर. शपथेला भीक न घालणारा चोर असता, तर मैत्रेयाचं वाक्य नुसतं बरळणं ठरलं असतं.

हे आता करून बघू या

एक आजचा कंजूष घेऊ. ठाण्यातले बँकेतून निवृत्त झालेले नाना. मुलीचं लग्न आहे. पहिला खर्डा लिहिताना आपल्या लेखणीतून सहज काय उतरतं? नाना पत्रिकेचा कागद पातळ घेतात, बँडऐवजी भाच्याला स्पीकर आणायला सांगतात, जिलबीचे तुकडे मोजतात. हे सगळं युक्लिओच्या नखांसारखं सुटं आहे. दहा प्रसंग लिहिले तरी नाना सुरुवातीला होते तिथेच राहतात. आपण शिळं लिहितोय हे ओळखायची ही सोपी खूण आहे. प्रसंगांचा क्रम उलटा लावून बघा. काहीच बिघडलं नाही, तर गोष्ट अजून सुरू झालेली नाही.

म्हणून नानांना दुसरी ओढ देऊ. व्याह्यांच्या पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असं छापलंय. नानांना त्यांच्यापुढे कमी पडायचं नाही. तेही तीच ओळ छापतात, जरा ठळक अक्षरात. आता पैसा आणि प्रतिष्ठा एकमेकांसमोर उभ्या राहिल्या.

नानांचा हिशेब मात्र तयार आहे. चारशे ताटं, 700 रुपये ताट, म्हणजे 2 लाख 80 हजार. छापलेली ओळ कोण पाळतंय? निदान अडीचशे पाकिटं येतील. 501 च्या दरानं 1 लाख 25 हजार 250 रुपये परत. हा कागद नाना सदऱ्याच्या खिशात ठेवतात.

आता समोरचा माणूस बदलायचा. पाहुणे ओळ पाळतात! पहिलं कुटुंब येतं, रिकाम्या हातांनी नमस्कार करतं, ‘तुम्ही आदर्श घालून दिलात’ म्हणतं आणि जेवायला जातं. दुसरं येतं, तिसरं येतं. नाना प्रत्येक पर्सकडे बघतात. मग गावाकडची आत्या पाकीट काढते. नेमके व्याही शेजारी उभे. नानांना मोठ्यानं नाही म्हणावं लागतं. एकदा म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा आत्यानं आग्रह धरायचा असतो, ही रीत. आत्या पहिल्या नकारालाच पाकीट पर्समध्ये ठेवते. व्याही म्हणतात, वा, शब्दाला जागणारा माणूस!

इथे नानांमधला बढाईखोर जागा होतो. ‘आम्ही तत्त्व म्हणजे तत्त्व. गेल्या लग्नात एकानं पाच हजार आणले होते, परत पाठवले.’ पुढच्या गटासमोर ते दहा हजार होतात. फॉल्स्टाफचे दोनाचे अकरा झाले तसे. पण इथे थाप ऐकणारे व्याही भारावून ती सगळ्यांना सांगत सुटतात. परिणामी खरंच सोन्याचं नाणं घेऊन आलेला जुना मित्र मांडवात शिरण्याआधीच ते ऐकतो आणि डबी खिशात परत ढकलतो. नानांना हे दिसतं. ते काही बोलू शकत नाहीत.

आणि बावळट? तो भाचा. नानांनी त्याला सकाळीच कोपऱ्यात घेऊन सांगितलेलं असतं, की तू दाराशी उभा राहा, कुणी पाकीट आणलंच तर गुपचूप घे आणि नीट सांभाळ. भाच्यासमोर दोन आज्ञा आहेत. पत्रिका म्हणते आहेर नको, मामा म्हणतात पाकीट घे. तो प्रामाणिक मुलगा आहे आणि त्याला दोन्ही पाळायच्या आहेत. त्यानं देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड पाहिलेला असतो. तो येणाऱ्याचं पाकीट घेतो, त्यावर नंबर टाकतो आणि हातात टोकन देतो.

रात्री मांडव रिकामा झाल्यावर नाना घाईघाईनं दाराशी येतात. किती जमली विचारतात. ‘त्र्याण्णव,’ भाचा अभिमानानं सांगतो आणि डबा उघडून दाखवतो. डब्यात त्र्याण्णव टोकनं आहेत, क्रमानं लावलेली. ‘सगळ्यांनी जाताना टोकन देऊन आपापलं पाकीट नेलं, मामा. एकाचंही इकडचं तिकडे झालं नाही.’